‘पिवळं पडलंय, साहेब’

खरिपाचा हंगाम संपला की मी टिपणवह्या काढून बसतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आमच्या भागातल्या आकाशवाणीवर दर आठवड्याला शेतीचा फोन-इन कार्यक्रम होतो. शेतकरी फोन करून अडचण सांगतात, स्टुडिओत बसलेले तज्ज्ञ उत्तर देतात. त्या संवादाचा प्रश्नोत्तरांच्या रूपात सारांश काढून एका शेतीविषयक मासिकाला देणं, हे माझं काम. या खरिपाच्या वह्या पुन्हा चाळताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. फोन करणारा माणूस जे बोलतो तो प्रश्न नसतोच. ते लक्षण असतं, काळजी असते, कधी नुसतं वर्णन असतं. त्यातून प्रश्न घडतो तो तज्ज्ञाच्या उलटतपासणीत. आणि नेमकी तीच उलटतपासणी सारांशातून गळते, कारण छापताना जागा कमी असते आणि उत्तर तेवढंच महत्त्वाचं वाटतं.

यंदाचं सगळ्यात बोलकं उदाहरण सोयाबीनचं. जुलैच्या मध्यावर सलग पाऊस झाला आणि पुढच्या कार्यक्रमात फोन करणाऱ्यांचं पहिलं वाक्य एकच होतं : ‘साहेब, सोयाबीन पिवळं पडलंय, काय फवारू?’ हे वाक्य जसंच्या तसं प्रश्न म्हणून छापलं असतं तर उत्तरही एकच छापावं लागलं असतं. प्रत्यक्षात त्या एका कार्यक्रमात या वाक्याला तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली, आणि तिन्ही बरोबर होती.

पहिला फोन काळ्या, भारी जमिनीतून होता. कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांनी विचारलं, ‘दादा, पिवळेपणा कुठून सुरू झाला? शेंड्याकडून की बुडाकडून?’ उत्तर आलं, शेंड्याकडून. ‘पानाच्या शिरा हिरव्या आहेत का?’ हो, शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. ‘पाणी साचलं होतं?’ चार-पाच दिवस. ‘जमिनीत चुनखडी?’ पांढरे खडे दिसतात. एवढ्यावर निदान झालं : लोहाची कमतरता. अशा जमिनीत लोह नसतं असं नाही. चुनखडी आणि साचलेलं पाणी यांमुळे ते मुळांना घेता येत नाही. वनस्पतीच्या आत लोह एका पानातून दुसऱ्या पानात सहज हलत नाही, म्हणून जुनी पानं हिरवी राहतात आणि कोवळा शेंडा उपाशी राहतो. उपाय सांगताना तज्ज्ञांनी क्रमावर भर दिला. आधी चर काढून पाण्याला वाट द्या, वाफसा आला की कोळपणी करून मुळांना हवा मिळू द्या. मग १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट घेऊन फवारणी करा. पाणी तसंच ठेवून केलेली फवारणी चार दिवस हिरवेपणा दाखवते, पुढचं पान पुन्हा पिवळंच येतं.

दुसरा फोन हलक्या, उताराच्या रानातून होता. तेच प्रश्न विचारले गेले आणि उत्तरं उलटी आली. बुडाची जुनी पानं आधी पिवळी झाली होती, शिरांसकट, आणि शेंडा त्यामानाने बरा होता. हे नत्राचं लक्षण. नत्र वनस्पतीच्या आत हलतं. कमी पडलं की झाड जुन्या पानांतून ते काढून नव्यांना देतं. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र बांधतात, पण त्यासाठी गाठी व्हायला हव्यात. तज्ज्ञांनी त्या शेतकऱ्याला एक झाड मातीसकट अलगद उपटून गाठी बघायला सांगितलं : गाठ फोडल्यावर आत लालसर रंग असेल तर ती काम करते आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. बियाण्याला जिवाणू खत लावलं होतं का, हेही विचारलं. लावलं नव्हतं.

तिसरा फोन एका ताईंचा. त्यांच्या शेतात सगळं रान पिवळं नव्हतं, मधूनमधून एखादं झाड होतं. पानावर हिरवे आणि गडद पिवळे चट्टे एकमेकांत मिसळलेले, शिरांशी त्यांचा काही संबंध नाही, पान आखूड आणि आवळलेलं. हा पिवळा मोझॅक, विषाणूजन्य रोग. पांढरी माशी एका झाडावरचा रस शोषून दुसऱ्यावर बसते तेव्हा तो पसरतो. रोगट झाड बरं करणारं औषध नाही. अशी झाडं दिसताच उपटून शेताबाहेर नेऊन पुरायची, पिवळे चिकट सापळे लावून माशीवर नजर ठेवायची आणि माशी वाढली तरच शिफारशीतलं कीटकनाशक घ्यायचं. या ताईंना शेजारच्या माणसाने सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली आणायला सांगितलं होतं. ते पैसे वाया गेले असते आणि रोगट झाडं रानात आणखी आठवडाभर उभी राहिली असती.

या तीन फोनांचा सारांश मी पहिल्यांदा लिहिला तेव्हा तीन वेगळे प्रश्न केले आणि प्रत्येकात लक्षण पूर्ण लिहिलं. ‘सोयाबीन पिवळे पडले आहे, उपाय सांगा’ असं न लिहिता ‘भारी, चुनखडीच्या जमिनीत पाणी साचल्यानंतर शेंड्याची पाने पिवळी पडली असून शिरा हिरव्या आहेत, काय करावे?’ असं लिहिलं. प्रश्न लांबतो हे खरं. पण वाचणाऱ्याला आपलं शेत त्या प्रश्नात आहे की नाही हे ओळखता येतं, आणि नसेल तर ते उत्तर आपल्यासाठी नाही हेही कळतं. मासिकातल्या सारांशाचं मोल माझ्या मते इथेच ठरतं. रेडिओवर तज्ज्ञ समोरच्या एका माणसाला उत्तर देत असतात, छापल्यावर तेच उत्तर अनोळखी माणसं आपापल्या रानात वापरतात.

शेतकऱ्यांचे प्रश्न घेऊन रेडिओवर उत्तरं देण्याची ही रीत नवी नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने आसपासच्या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं स्थापून एक प्रयोग केला होता. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करत आणि न सुटलेले प्रश्न केंद्राकडे पाठवत. पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरं मिळत. तिथे प्रश्न मंडळाच्या चर्चेत गाळून येत असे. फोन-इनमध्ये ते गाळणं थेट प्रसारणात, दोन-तीन मिनिटांत, तज्ज्ञ आणि निवेदक यांना करावं लागतं.

ऑगस्टच्या वह्या कपाशीने भरल्या आहेत. तिथेही एका शब्दाने घोळ केला. ‘मर लागली’ म्हणून फोन आले. तज्ज्ञांचा पहिला प्रश्न होता, ‘झाड हळूहळू सुकलं की एका दिवसात मान टाकली?’ मोठ्या खंडानंतर जोराचा पाऊस झाला किंवा पाणी दिलं, आणि भर बोंडांतलं झाड एक-दोन दिवसांत कोमेजलं, तर ती आकस्मिक मर. ती बुरशीमुळे होत नाही. पाण्याचा ताण आणि मग अचानक पाणी, या धक्क्याने मुळांचं काम थांबतं. खोड उभं चिरून पाहिलं तर आत तपकिरी रेषा नसतात. बुरशीजन्य मर असेल तर त्या दिसतात. आकस्मिक मरीत पहिले काही तास मोलाचे असतात : साचलेलं पाणी काढायचं, झाडाच्या बुडाशी माती पायाने दाबायची, लगेच खताच्या द्रावणाची आळवणी करायची. ज्याने फोन करण्याआधी आठवडा वाट पाहिली त्याला तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं की आता त्या झाडांवर खर्च करू नका. सारांशात मी हा नकारही लिहिला. उपाय कधी लागू पडत नाही हे छापलं नाही तर माणूस मेलेल्या झाडाला औषध घालत राहतो.

बोंडअळीच्या फोनांत बहुतेकांना औषधाचं नाव हवं होतं. तज्ज्ञ आधी आकडे मागत. एकरी दोन कामगंध सापळे लावले का, रोज किती पतंग सापडतात? सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले, तर फवारणीची वेळ झाली असं समजायचं. सापळे नसतील तर शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडं फोडा, त्यांतल्या दोनांत अळी असेल तर नुकसानीची पातळी गाठली. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं, अळी आत असते, त्यामुळे फोडल्याशिवाय कळत नाही. फुलं गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिली असतील तर ती डोमकळी, तोडून नष्ट करायची.

फवारणीच्या फोनांपैकी एक प्रकार असा होता की तो लिहिताना मी कधीच आखडतं घेतलं नाही. ‘हे दोन, त्यात ते एक आणि टॉनिक, सगळं एकाच पंपात चालेल का?’ तज्ज्ञांचं उत्तर दर वेळी तेच होतं : नाही, लेबलवर लिहिलं नसेल तर मिसळू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. उंच वाढलेली कपाशी, चेहऱ्याच्या पातळीवर उडणारे तुषार, तीव्र औषधं आणि दमट हवा अशा गोष्टी तिथे एकत्र आल्या होत्या. म्हणून मी उत्तराबरोबर पुढचा भागही छापतो : वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, उपाशीपोटी फवारू नका, डोळ्यांत आग, मळमळ किंवा घाम सुटला तर लगेच थांबा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली सोबत न्या. बाटलीवरचं नाव डॉक्टरांना उपचार ठरवायला लागतं.

काही उत्तरांचं आयुष्य फार कमी असतं. सप्टेंबरात अतिवृष्टीने शेत बुडालं म्हणून फोन आले, तेव्हा त्या वेळच्या नियमानुसार पीक विम्याची सूचना ७२ तासांत द्यावी लागते हे सांगितलं गेलं. मासिक वाचकाच्या हाती पडेपर्यंत ती मुदत संपलेली होती. अशी उत्तरं मी आता ‘पुढच्या वेळी’ म्हणून लिहितो : नुकसान दिसताच फोटो काढा, त्याच दिवशी ॲपवर किंवा कंपनीच्या क्रमांकावर नोंद करा, नोंदीचा क्रमांक जपून ठेवा.

जूनच्या पानांवर बहुतेक तक्रारी न उगवलेल्या सोयाबीनच्या आहेत. घरचंच बियाणं होतं, पेर वेळेवर झाली, पाऊसही पुरेसा होता. तज्ज्ञांनी तेव्हा दुबार पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजायला सांगितली होती : ७० दाणे उगवले तर एकरी ३० किलो पुरतं, त्याहून कमी उगवले तर बियाणं त्या प्रमाणात वाढवा. कारण मात्र ऑक्टोबरमधल्या एका फोनात सापडलं. एका शेतकऱ्याने विचारलं की बियाण्यासाठीचं सोयाबीन नेहमीच्याच मळणी यंत्रात टाकलं तर चालेल का. तज्ज्ञांनी यंत्राच्या फेऱ्या विचारल्या आणि सांगितलं की त्या मिनिटाला ४०० ते ५०० च्या आसपास ठेवा. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते, वेगाने आपटलं की आतला अंकुर दुखावतो आणि वरून दाणा चांगलाच दिसतो. पोती चार-पाचांपेक्षा जास्त थरांत रचू नका, खाली लाकडी फळ्या ठेवा. हे प्रश्नोत्तर मी नोव्हेंबरच्या अंकात दिलं आणि त्याच्या शेजारी जूनमधला उगवणीचा प्रश्न पुन्हा छापायला सांगितला, म्हणजे मळणीच्या आणि साठवणुकीच्या दिवसांत दोन्ही एकत्र वाचले जातील.