रक्कम जुळली, चलन जुळले का?
टीडीएसचे चलन विवरणपत्राशी जुळवताना आधी रक्कम पाहण्याचा मोह होतो. पण दर महिन्याचे भाडे तेच असेल, तर कपातही तीच, समजा 10,000 रुपये. मग कोणते चलन कोणत्या महिन्याचे? खरी ओळख तीन तुकड्यांची: सात अंकी बीएसआर कोड, भरणा तारीख आणि पाच अंकी चलन क्रमांक. नुसता क्रमांक का पुरत नाही, तर तो दुसऱ्या बँकेत किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊ शकतो. त्यातून एक्सेल 00047 चे निमूट 47 करते, म्हणून तो मजकूर म्हणूनच उतरवावा. कालावधी मात्र भरणा तारखेवरून ठरवू नये: मार्च 2024 ची कपात 30 एप्रिलला भरली, तरी ती 2023-24 च्या चौथ्या तिमाहीतच दाखवायची असते.