आधी दहावा भाग

दूरदर्शनवर १९९३ साली आलेल्या ‘ब्योमकेश बक्षी’चे बहुतेक भाग आज कुठूनही लावले तरी अडत नाही. खून होतो, संशयित समोर येतात, रजित कपूरचा ब्योमकेश शांतपणे धागा पकडतो आणि गोष्ट मिटते. मागच्या आठवड्यात काय झाले होते हे ठाऊक असण्याची गरज नसते. पण अशा मालिकेला शेवटही नसतो. शेवटचा भाग म्हणजे फक्त ज्यानंतर पुढचा आला नाही तो भाग.

वेब सिरीजने दुसरे टोक गाठले. ‘स्कॅम १९९२’च्या दहा भागांतला चौथा सुटला, तर पाचव्यात कोण कोणावर का भडकले आहे ते कळत नाही. हर्षद मेहताच्या चढउताराच्या गोष्टीला ते शोभते. पण अनेक सिरीजमध्ये दोन तासांचा ऐवज आठ-दहा भागांत ताणलेला असतो. चौथा, पाचवा आणि सहावा भाग वेगळे आठवतच नाहीत, आणि प्रत्येक भाग एखाद्या प्रश्नावर नुसता तुटतो.

या दोन टोकांच्या मधली वाट कठीण आहे: दहा भाग, प्रत्येकात एक पूर्ण गोष्ट, आणि तरीही दहावा पाहताना आधीचे नऊ पाहिल्याचे चीज झाले असे वाटावे. ती कशी आखतात हे पाहायला ‘पोकर फेस’ या अमेरिकी मालिकेचा पहिला सीझन फार उपयोगी आहे. रायन जॉन्सनने तिची निर्मिती केली आणि जानेवारी ते मार्च २०२३ या काळात पीकॉक या प्लॅटफॉर्मवर तिचे नेमके दहा भाग आले. (पुढे तिचा शेवट उघड केला आहे; ज्यांना आधी मालिका पाहायची असेल त्यांनी ती पाहून मग हे वाचावे.)

चार्ली केल ही नेवाडातल्या एका कॅसिनोत काम करणारी साधी बाई. नताशा लिऑनने ती भूमिका केली आहे. चार्लीला एकच वरदान आहे: समोरचा खोटे बोलला की तिला तत्क्षणी कळते. पहिल्या भागात तिच्या मैत्रिणीचा खून होतो, चार्ली त्याचा छडा लावते, आणि त्या ओघात कॅसिनो चालवणारा मालकाचा मुलगा आत्महत्या करतो. भागाच्या शेवटी मालकाचा फोन येतो. कुठेही जा, शोधून काढीन, अशी त्याची धमकी. त्याचा सुरक्षाप्रमुख क्लिफ तिच्या मागे लागतो आणि चार्ली आपल्या जुन्या गाडीतून पळ काढते.

सीझनचा लांब धागा तो एवढाच. त्याच्या आखणीतली हुशारी दुसऱ्या भागात दिसते. बिघडलेल्या गाडीमुळे चार्ली न्यू मेक्सिकोतल्या एका ट्रकथांब्यावर अडकते. दुरुस्तीसाठी ती एटीएममधून पैसे काढते, आणि त्यावरून क्लिफला तिचा ठावठिकाणा लागतो. बघणाऱ्याच्या मनात नियम पक्का बसतो: बाईने कार्ड वापरायचे नाही, फोन ठेवायचा नाही, एका जागी राहायचे नाही. म्हणजे पुढच्या प्रत्येक भागात ती नव्या गावात असणार, रोख मजुरीचे मिळेल ते काम करणार आणि नव्या माणसांत पडणार. टेक्ससमधले मांस भाजण्याचे दुकान, उतरती कळा लागलेला मेटल बँड, वृद्धाश्रम, जेवणासोबत नाटक दाखवणारे थिएटर, मोटारशर्यतीचा ट्रॅक अशी ठिकाणे येत जातात.

पाठलाग हा एका भागातून दुसऱ्यात सांडणारा धागा. पण इथे त्या पाठलागामुळेच भाग सुटे होतात, कारण तिला दर वेळी सगळे मागे टाकून निघावेच लागते. सुटेपणा आणि सलगपणा यांची ओढाताण इथे होत नाही. एकातून दुसरे निघते. सीझन आखायला बसलेल्या लेखकाने सगळ्यात आधी हेच शोधायला हवे: आपल्या लांब गोष्टीतले असे कोणते कारण आहे, ज्यामुळे दर भागाला नवी गोष्ट येणे अपरिहार्य होते? ते सापडले नाही, तर लांब गोष्ट दर भागात पाच मिनिटे चिकटवलेली दिसते. क्लिफ मात्र मधल्या भागांत जवळपास दिसतच नाही, आणि तरी त्याची भीती कायम असते.

दुसरी गोष्ट साच्याची. बहुतेक भागांची सुरुवात चार्लीशिवाय होते. आधी खुनी दिसतो, त्याचे कारण दिसते, खून होतो. मग काळ थोडा मागे जातो आणि कळते की चार्ली त्याच ठिकाणी आसपास वावरत होती. खुनी कोण हे प्रेक्षकाला ठाऊक. उत्सुकता एवढीच, की ती त्याला पकडणार कशी. १९७०च्या दशकातल्या ‘कोलंबो’चा हा साचा जॉन्सनने उघडपणे घेतला आहे. त्याचा फायदा असा, की मध्येच एखादा भाग लावणाऱ्या प्रेक्षकालाही पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत गोष्टीचा पूर्ण ताबा मिळतो. त्याला काही आठवावे लागत नाही.

चार्लीच्या वरदानाला मर्यादाही घातली आहे. समोरचा खोटे बोलतो आहे हे तिला कळते. खरे काय आहे ते कळत नाही, आणि पोलिसांपुढे ठेवायला पुरावा तर नसतोच. ही मर्यादा नसती तर प्रत्येक गोष्ट एका प्रश्नात संपली असती. दहा वेळा वापरायची कल्पना आखताना तिची ताकद किती, यापेक्षा ती कुठे अपुरी पडते हे ठरवायला जास्त वेळ द्यावा लागतो. दर भागाची गोष्ट त्या अपुरेपणातच घडते.

आता दहाव्या भागाकडे. नवव्यात डोंगरातल्या हिमवादळात चार्ली मरता मरता वाचते आणि इस्पितळात पोहोचते. पळणारी बाई एका खाटेवर अडकली, म्हणजे पाठलाग संपण्याची वेळ आली. दहावा भाग उघडतो तो क्लिफवर. महिनोन्‌महिने मोटेलांच्या खोल्या आणि रस्ते तुडवत तिचा माग काढताना थकलेला, विटलेला क्लिफ. नऊ भाग नियमाने पाहिलेल्या प्रेक्षकाला इथे एक जाणीव होते, आणि ती कुणी शब्दांत सांगत नाही. या मालिकेत भागाच्या सुरुवातीला चार्लीऐवजी ज्याच्यासोबत आपण चालतो, तो खुनी असतो. क्लिफ खरोखरच मालकाचा खून करतो आणि आळ चार्लीवर ढकलतो.

शेवटचा भाग समाधान देतो तो इथे. लांब धाग्यातला पाठलाग करणारा माणूस या भागापुरता ‘आजचा खुनी’ होतो. म्हणजे दहावा भाग मालिकेच्या नेहमीच्या घाटातच बसतो, फक्त त्यातली माणसे सीझनभराची आहेत. पुष्कळ मालिका इथे घसरतात. नऊ भाग छोट्या, हलक्या गोष्टी सांगतात आणि दहाव्यात अचानक कारस्थान, बंदुका आणि स्फोट येतात. प्रेक्षकाला वेगळीच मालिका लागल्यासारखे होते. असे होणार आहे हे पटकथेतही ओळखता येते. शेवटच्या भागाच्या पहिल्या पंधरा पानांत पात्रे एकमेकांना आजवरचा इतिहास समजावून सांगत असतील, तर आधीच्या भागांनी तो पोहोचवलेला नाही.

पोहोचवायचा कसा, याचे उत्तम उदाहरण पाचव्या भागात आहे. वृद्धाश्रमातल्या त्या गोष्टीत एक म्हातारा साक्षीदार-संरक्षण योजनेत लपलेला असतो, त्यामुळे लूका नावाचा एफबीआय एजंट तिथे येतो. त्या भागाला त्याची स्वतःची गरज आहे. तो नसता तर गोष्ट उभीच राहिली नसती. खुनाचा छडा लागतो, लूका निरोप घेतो, प्रेक्षक त्याला विसरतो. दहाव्यात खुनाचा आळ आलेल्या चार्लीला यंत्रणेत एक तरी ओळखीचा माणूस हवा असतो, तेव्हा लूका परत येतो. तो आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही, आणि पाचवा भाग न पाहिलेल्यालाही फारसे अडत नाही.

फळ्यावर ही आखणी उलट्या दिशेने होते. आधी दहाव्या भागाची गोष्ट पक्की करायची. मग विचारायचे, हा भाग पाहताना प्रेक्षकाला कुठल्या चार-पाच गोष्टी आधीच ठाऊक हव्यात? पाठलाग करणारा कोण, नायिकेची शक्ती आणि तिची मर्यादा, तिला घरी जाता न येणे, मदतीला येऊ शकणारा एक माणूस. मग यातली प्रत्येक गोष्ट अशा भागात ठेवायची, जिथे ती त्या भागाच्याच गोष्टीसाठी लागते. परीक्षा सोपी आहे. तो धागा खोडून पाहायचा. भाग जसाच्या तसा उभा राहिला, तर धागा वरून चिकटवलेला आहे. उलट बाजूनेही तपासायचे: आधीचे काहीच न वाचलेल्या माणसाला एकच पटकथा द्यायची आणि तो कुठल्या पानावर अडला ते पाहायचे.

सगळ्या दहा भागांवर भार टाकायचीही गरज नसते. या सीझनचा पहिला, दुसरा, नववा आणि दहावा हे आपापल्या जागी घट्ट आहेत. मधले सहा बरेचसे पुढे-मागे करता येतील. त्यांचे काम माहिती देण्यापेक्षा चार्ली कशी आहे हे वेगवेगळ्या माणसांसमोर दाखवण्याचे आहे.

या घाटाची किंमत मात्र मोजावी लागते. दर भागाला नवे गाव, नवे सेट, नवे पाहुणे कलाकार. कमी बजेटच्या मराठी मालिकेला हे परवडणे अवघड. तिथे उलटी रचना जास्त सोयीची: नायक एका जागी आणि गोष्टी त्याच्या दारात. ‘मेड इन हेवन’च्या २०१९च्या सीझनमध्ये (तो नऊ भागांचा होता) लग्नसोहळ्यांचे आयोजन करणाऱ्या कंपनीकडे दर भागात नवे लग्न येते, आणि तारा व करण यांची आयुष्ये सगळ्या भागांतून वाहत राहतात. तिथे धागा बराच जाड आहे. पाचवाच भाग पाहिला तर लग्न पूर्ण कळते, ताराचे दुःख अर्धे. कुठल्या मालिकेला किती जाड धागा पेलेल हे लेखकाने ठरवायचे असते. मात्र तो दुसऱ्या भागात बारीक आणि सातव्यात अचानक दोरखंड झाला, तर प्रेक्षकाचा हात सुटतो.

‘पोकर फेस’चा पहिला सीझन संपतो तोही फोनवर. क्लिफ अडकतो, पण दुसऱ्या टोळीची प्रमुख बिअॅट्रिक्स हॅस्प चार्लीला पर्याय देते: माझ्यासाठी काम कर, नाहीतर पळ. चार्ली पळते. एक हिशेब मिटला आणि पळण्याचे कारण शिल्लक राहिले. २०२५मध्ये आलेल्या बारा भागांच्या दुसऱ्या सीझनने हॅस्पचे प्रकरण तिसऱ्याच भागात मिटवून टाकले. त्यानंतरच्या सुट्या गोष्टींपैकी काही सुंदर आहेत, पण चार्लीला आता कोणी शोधत नसते. ती या गावातून त्या गावात का जाते, याचे उत्तर लेखकांना दर वेळी नव्याने शोधावे लागले, आणि शेवटाकडे नेणारा नवा धागा उत्तरार्धात विणायला घ्यावा लागला.