उरलेल्या व्होल्टचा हिशेब

आकाशकंदिलासाठी आणलेली पांढरी एलईडी नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला थेट टेकवली, तर क्षणभर डोळे दिपतात, उजेड निळसर होतो आणि बहुतेक वेळा एलईडी तिथेच जाते. जुना तारेचा बल्ब तापला की त्याचा रोध वाढतो आणि तो स्वतःला आवरतो. एलईडीला ते जमत नाही. पांढरीवर साधारण 3.1 व्होल्ट पडले (लालवर 2) की ती नीट पेटते. त्यापुढे व्होल्ट जरासे वाढले तरी करंट उसळतो.

म्हणून मध्ये रेझिस्टर. तो किती ओहमचा, हे शाळेतला ओहमचा नियमच सांगतो. पुरवठ्यातून एलईडीचे व्होल्ट वजा करायचे आणि जे उरतील त्यांना हव्या त्या करंटने भागायचे:

```
R = (Vs - Vf) / I
```

बॅटरी 9 व्होल्टची, एलईडी लाल, करंट 15 मिलिअँपिअर. उरले 7 व्होल्ट, भागिले 0.015, म्हणजे 467 ओहम. असा रेझिस्टर दुकानात मिळत नाही. मिळतो 470 चा, पिवळा-जांभळा-तपकिरी पट्ट्यांचा. त्यात जेमतेम 0.1 वॉट उष्णता होते, त्यामुळे नेहमीचा पाव वॉटचा पुरतो. पाच मिलिमीटरच्या साध्या एलईडीची मर्यादा बहुधा 20 मिलिअँपिअर असते, म्हणून 15 धरलेले बरे. डोळ्यांना उजेडातला फरक फारसा कळतही नाही.

खरी गंमत मात्र पुढे आहे. समजा, कंदील 12 व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटरीवर लावायचा आहे. एका ओळीत तीन पांढऱ्या एलईडी जोडल्या की 9.3 व्होल्ट तिथेच जातात आणि रेझिस्टरच्या वाट्याला उरतात 2.7. भागाकार येतो 180 ओहम. उत्तर बरोबर, एलईडीही छान पेटतात.

पण ही बॅटरी नावालाच 12 व्होल्टची. चार्जिंगला लावली की ती 14.4 पर्यंत चढते. जास्तीचे व्होल्ट जवळजवळ सगळे रेझिस्टरवरच येतात: 2.7 चे 5.1 होतात आणि हिशेबाने करंट 28 मिलिअँपिअरवर जातो. बॅटरी वाढली पाचव्या हिश्श्याने, करंट झाला जवळपास दुप्पट! अशा कंदिलातल्या एलईडी एकदम जळत नाहीत. तापतात आणि हळूहळू मंद होत जातात, म्हणून कारण लवकर सापडत नाही.

ओळीत दोनच एलईडी ठेवल्या, तर 14.4 व्होल्टला रेझिस्टरवर 8.2 उरतात. 560 ओहमचा घातला की करंट साडेचौदाच्या आसपास राहतो आणि बॅटरी 12 वर उतरली तरी दहाच्या वर असतो. वीज थोडी जास्त वाया जाते, पण ती किंमत परवडते.

खात्री करायला तार तोडावी लागत नाही. बॅटरी चार्जिंगला असताना मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांना लावायचा. 560 वर 8.1 व्होल्ट दिसले, की भागाकार 14.5 मिलिअँपिअर.