२०३५ की २३५०? आकडा उद्धृत करण्याआधी त्याचं मूळ कसं गाठावं

समाजमाध्यमांवर आपापल्या विषयाचं लिहिणारे डॉक्टर, अभियंते, शेतीतज्ज्ञ, अर्थशास्त्राचे प्राध्यापक असे बरेच जण आज समोर बसले आहेत. आपल्या पोस्टमध्ये एखादा आकडा असला की वाचक तो पुढे पाठवतो, आणि आकड्याबरोबर आपलं नावही जातं. आकडा चुकला तर लोक फक्त आकडा खोडत नाहीत, त्याच्या शेजारी लिहिलेलं खरं असलेलंही खोडतात. हे कसं घडतं ते दाखवायला आम्ही आज एकच प्रकरण घेणार आहोत. ते पोस्टचं नाही, जगातल्या नामांकित तज्ज्ञांच्या अहवालाचं आहे. पण चूक जशी झाली, अगदी तशीच ती आपल्या चार ओळींच्या पोस्टमध्ये होते.

हवामानबदलाचा अभ्यास करणारी संयुक्त राष्ट्रांची आयपीसीसी ही समिती आपल्याला माहीत आहे. २००७ साली तिचा चौथा अहवाल आला, आणि त्याच वर्षी तिला शांततेचं नोबेल विभागून मिळालं. त्या अहवालाच्या दुसऱ्या खंडात, आशियाबद्दलच्या दहाव्या प्रकरणात, हिमालयातल्या हिमनद्यांवर एक छोटा परिच्छेद होता. त्याचा आशय असा: हिमालयातल्या हिमनद्या जगात सर्वांत वेगानं मागे हटत आहेत, हाच वेग राहिला तर २०३५ पर्यंत किंवा त्याआधीही त्या नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि त्यांचं क्षेत्र ५,००,००० चौरस किलोमीटरवरून १,००,००० वर येईल. शेवटी कंसात संदर्भ होता: डब्ल्यूडब्ल्यूएफ, २००५.

आता या संदर्भाची दोरी धरून मागे जाऊ या. डब्ल्यूडब्ल्यूएफ ही निसर्गसंवर्धनासाठी काम करणारी संस्था. तिच्या २००५ च्या अहवालात हे विधान होतं, पण ते तिच्या स्वतःच्या मोजमापातून आलेलं नव्हतं. तिनं संदर्भ दिला होता १९९९ सालच्या ‘न्यू सायंटिस्ट’ साप्ताहिकातल्या एका बातमीचा. ती बातमी एका भारतीय हिमनदीतज्ज्ञाशी झालेल्या बोलण्यावर आधारलेली होती. त्यात मध्य आणि पूर्व हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील असं म्हटलं होतं. म्हणजे दोरीच्या टोकाला तपासून छापलेला शोधनिबंध नव्हता, बोलण्यातला एक अंदाज होता. आणि ‘मध्य आणि पूर्व’ हे दोन शब्द वाटेत गळून पडले, तेव्हा त्याचा ‘सगळा हिमालय’ झाला.

क्षेत्रफळाच्या आकड्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. रशियन हिमनदीतज्ज्ञ कोत्ल्याकोव यांनी संपादित केलेला एक अहवाल युनेस्कोनं १९९६ साली प्रसिद्ध केला होता. त्यात ५,००,००० वरून १,००,००० हेच आकडे आहेत. पण ते हिमालयाचे नाहीत. ध्रुवीय प्रदेश सोडून उरलेल्या साऱ्या पृथ्वीवरच्या हिमनद्यांचे आहेत. आणि वर्ष दिलंय २३५०. म्हणजे जागा बदलली, वर्षही बदललं, आकडे मात्र जसेच्या तसे राहिले. असा आकडा सर्वांत फसवा, कारण तो खरोखर कुठेतरी छापलेला असतो.

इथं एक साधी परीक्षा पुरेशी होती. हिमालयात हिमनद्यांचं एकूण क्षेत्र किती? सुमारे ३३,००० चौरस किलोमीटर. मग ते ५,००,००० वरून घटणार कसं? आणि ‘नाहीशा होतील’ असं एका वाक्यात म्हटल्यावर पुढच्याच वाक्यात १,००,००० चौरस किलोमीटर उरतात कसे? त्यासाठी हिमनद्यांचा अभ्यास लागत नाही. दोन वाक्यं शेजारी ठेवून सावकाश वाचली तरी भागतं.

त्याच प्रकरणातल्या एका तक्त्यात दुसरी चूक होती. उत्तराखंडातली पिंडारी हिमनदी १८४५ ते १९६६ या काळात २,८४० मीटर मागे हटली, आणि वेग लिहिला होता वर्षाला १३५.२ मीटर. आपण भागाकार करून पाहू. १८४५ ते १९६६ म्हणजे १२१ वर्षं. २,८४० भागिले १२१ म्हणजे साधारण २३.५. मग १३५.२ आलं कुठून? २,८४० ला २१ नं भागलं की नेमकं तेच येतं. शंभराचा आकडा सुटला, आणि वेग जवळजवळ सहापट झाला. ज्यांनी तो तक्ता पुढे उतरवला त्यांच्यापाशी भागाकाराला लागणारे सगळे आकडे त्याच ओळीत होते.

आता परिणाम पाहा. नोव्हेंबर २००९ मध्ये भारताच्या पर्यावरण मंत्रालयानं भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा अहवाल प्रसिद्ध केला. हिमालयातल्या हिमनद्या असाधारण वेगानं आटत असल्याचं दिसत नाही, असा त्याचा सूर होता. आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याला ‘वूडू विज्ञान’ म्हणून झिडकारलं. आणि दोनच महिन्यांनी, २० जानेवारी २०१० रोजी, आयपीसीसीला निवेदन काढावं लागलं की त्या परिच्छेदातल्या अंदाजांना पुरेसा आधार नव्हता आणि पुराव्याचे आपलेच निकष तिथं नीट पाळले गेले नाहीत. जवळजवळ हजार पानांच्या खंडातला हा एक परिच्छेद. पण पुढचे कित्येक महिने लोक त्याच परिच्छेदाबद्दल बोलत राहिले. हिमनद्या घटत आहेत आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या नद्यांचं पाणी बदलणार आहे, हा त्याच निवेदनात पुन्हा सांगितलेला मूळ निष्कर्ष मागे पडला. ज्यांना तो ऐकायचाच नव्हता त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

यातून आपल्या कामाची पद्धत काय निघते? आम्ही ती तीनच गोष्टींत सांगतो.

पहिली गोष्ट, दोरी शेवटपर्यंत ओढायची. बातमीत आकडा दिसला की बातमी कोणत्या अहवालाबद्दल आहे ते पाहायचं, अहवाल उघडायचा, आणि तो आकडा त्याच संस्थेनं मोजलाय की तिनंही दुसरीकडून घेतलाय ते बघायचं. दुसरीकडून घेतला असेल तर आणखी एक पायरी मागे जायचं. जिथं ‘आम्ही असं मोजलं’ असं लिहिलेलं सापडतं तिथं आपण पोचलो. त्या जागेचा पान किंवा तक्ता क्रमांक टिपून ठेवायचा, कारण तीनशे पानांच्या अहवालाची नुसती लिंक दिली की वाचकाला पडताळणी करता येत नाही. आणि जे स्वतः वाचलं त्याचाच संदर्भ द्यायचा. मूळ अहवाल न पाहता बातमीवरून लिहिलं असेल, तर ‘अमुक बातमीनुसार’ असंच लिहायचं. त्यात कमीपणा काही नाही. वाचकाला आकड्याचं वजन कळतं.

दुसरी गोष्ट, आकड्याबरोबर त्याची शेपटीही उचलायची. शेपटी म्हणजे कुठलं, कधीचं, कशाच्या तुलनेत, आणि कोणत्या अटीवर. एक ताजं उदाहरण घेऊ. काठमांडूच्या आयसीमॉड या संस्थेच्या २०२३ च्या अहवालात ६५ टक्के हा आकडा आहे. त्यावरून अशी पोस्ट सहज लिहिली जाते:

‘हिमालयातल्या ६५ टक्के हिमनद्या नष्ट झाल्या. संदर्भ: आयसीमॉड.’

संस्था खरी, आकडा खरा, आणि वाक्य साफ चूक. अहवाल वेगाबद्दल बोलतोय, साठ्याबद्दल नाही. गळक्या टाकीतून आधी तासाला शंभर लिटर जात होतं आणि आता एकशे पासष्ट जातंय, एवढाच त्याचा अर्थ. टाकीत किती उरलं हे त्यावरून कळत नाही. मग नीट पोस्ट अशी होईल:

‘हिंदुकुश-हिमालय प्रदेशातल्या हिमनद्यांचा बर्फ २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगानं घटला. (आयसीमॉड, २०२३)’

वाक्य थोडं लांबलं, पण त्यात जागा आहे, काळ आहे, तुलना आहे. त्याच अहवालात असंही आहे की उत्सर्जन सध्याच्या वाटेनं चालू राहिलं तर या शतकाच्या अखेरीस आजच्या बर्फापैकी ८० टक्क्यांपर्यंत नाहीसा होऊ शकेल. इथं ‘चालू राहिलं तर’, ‘पर्यंत’ आणि ‘शकेल’ या तिन्हींना हात लावायचा नाही. ‘८० टक्के बर्फ जाणार’ असं लिहिलं की अटीवरचा अंदाज भविष्यवाणी होतो, आणि ती खोटी ठरली तर दोष अहवालाच्या नव्हे, आपल्या माथी येतो.

तिसरी गोष्ट, चूक निघालीच तर दुरुस्ती त्याच जागी, उघडपणे करायची. मूळ पोस्ट गुपचूप पुसून टाकली की तिची छायाचित्रं फिरत राहतात आणि आपण लपवलं असं दिसतं. त्याऐवजी पोस्टच्या माथ्यावर तारीख घालून तीन वाक्यं लिहायची: आधी काय लिहिलं होतं, बरोबर काय आहे, आणि यामुळे मुख्य निष्कर्ष बदलतो की नाही. तिसरं वाक्य विसरू नका. ते नसेल तर वाचक सगळंच टाकून देतो. आयपीसीसीनंही पुढे २०११ साली चूक कळवण्याची, तपासण्याची आणि दुरुस्त करण्याची ठरावीक पद्धत स्वीकारली.

एक चिठ्ठी आली आहे: ‘मूळ संदर्भ खूप शोधूनही सापडला नाही, पण आकडा सगळीकडे आहे. मग काय करावं?’ चांगला प्रश्न आहे. सगळीकडे असणं हा पुरावा नव्हे. २०३५ हेसुद्धा सगळीकडे होतं, कारण सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उतरवलं होतं. अशा वेळी आकडा गाळायचा आणि जेवढं आपल्याला खात्रीनं माहीत आहे तेवढंच वाक्य लिहायचं. ‘हिमालयातल्या बहुतेक हिमनद्या घटत आहेत’ हे आकड्याशिवायही खरं आहे, आणि कोणी पुरावा मागितला तर तुम्ही तो देऊ शकता. पुढची चिठ्ठी घेऊ या.