पेल्याखाली न पुसणारे ठिपके

वसतिगृहातल्या मुलाला सकाळी ताप आला, दुपारी पोटरीवर जांभळे ठिपके उठले. त्यांवर काचेचा पेला दाबून पाहा. साधं पुरळ बहुधा फिकं पडतं. मेनिंगोकोकसच्या संसर्गात रक्त त्वचेत झिरपलेलं असतं, म्हणून ठिपके तसेच राहतात. सावळ्या त्वचेवर ते तळहात, तळपाय, पापणीच्या आत शोधावेत. सुरुवातीला ते फिकेही पडतात. त्यामुळे हातपाय गार आणि मूल ग्लानीत असेल, तर ठिपक्यांसाठी थांबूच नका, रुग्णालय गाठा.

निदान होताच खोलीतल्या सोबत्यांना शक्यतो २४ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक अँटिबायोटिक द्यावं. प्रौढांना बहुधा सिप्रोफ्लॉक्सॅसिन ५०० मिलिग्रॅम, एकदाच. सगळ्या वर्गाला सहसा लागत नाही. गोळी घशातले जंतू मारते, सुरू झालेला आजार नाही. गोळीनंतरही ताप आला, तर लगेच डॉक्टरांकडे जा.