बॅकटेस्टचा अहवाल कसा वाचावा?

निफ्टी फ्युचर्समध्ये ट्रेंड पकडणारी एखादी पद्धत पाच वर्षांच्या जुन्या भावांवर तपासली, असे समजा. आकडे उदाहरणापुरते आहेत. १०० सौदे झाले. त्यातल्या ४० सौद्यांत मिळून ६ लाख रुपये मिळाले आणि ६० सौद्यांत ४ लाख गेले. निव्वळ नफा २ लाख. अहवाल पाहणाऱ्याची नजर या दोन लाखांवरच खिळते, पण खरी तपासणी इथून पुढे सुरू होते.

एकूण नफ्याला एकूण तोट्याने भागले की प्रॉफिट फॅक्टर मिळतो. इथे तो १.५ आहे. म्हणजे गमावलेल्या प्रत्येक रुपयामागे दीड रुपया आला. मात्र हा नफा कशातून आला, ते हा आकडा सांगत नाही. त्यासाठी पेऑफ रेशो पाहायचा. फायद्याचा सरासरी सौदा १५,००० रुपयांचा आणि तोट्याचा सुमारे ६,७०० चा, म्हणून पेऑफ २.२५. या प्रमाणात शंभरातले ३१ सौदे जिंकले तरी मुद्दल राखता येते, आणि आपले ४० जिंकले आहेत. मधले नऊ सौदे हीच या पद्धतीची ढाल. ऑप्शन विकणाऱ्या पद्धतीत चित्र नेमके उलटे असते. तिथे नव्वद टक्के सौदे जिंकलेले दिसतात, पण पेऑफ ०.२ इतका लहान असू शकतो. मग २३ मार्च २०२०सारखा, निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के पडल्याचा दिवस चाचणीच्या काळात आहे की नाही, हे आधी पाहावे. तो नसेल तर त्या प्रॉफिट फॅक्टरवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

तिसरा आकडा रिकव्हरी फॅक्टर, म्हणजे निव्वळ नफा भागिले सर्वात मोठी घसरण. खात्याने गाठलेल्या शिखरापासून पुढच्या तळापर्यंत १ लाख ६० हजार गेले असतील, तर रिकव्हरी फॅक्टर १.२५. पाच वर्षांची सगळी कमाई त्या एका घसरणीपेक्षा थोडीच जास्त! चाचणीचा काळ लांबवला की नफा साचत जातो आणि हा आकडा आपोआप फुगतो, म्हणून दोन पद्धतींची तुलना करायची तर काळ सारखाच हवा. घसरण उघड्या सौद्यांसह मोजली आहे ना, तेही पाहावे. फक्त बंद झालेले सौदे धरले तर ती लहान दिसते.

आता खर्च घाला. दलाली, कर आणि हवा तो भाव न मिळाल्याचे नुकसान मिळून दर सौद्याला १,००० रुपये धरू. एकूण नफा ५.६ लाखांवर येतो, तोटा ४.६ लाखांवर जातो. प्रॉफिट फॅक्टर १.२२ होतो आणि पेऑफ १.८३. आता बरोबरीसाठी ३६ सौदे जिंकावे लागतात, म्हणजे नवाची ढाल चारावर आली. घसरण तेवढीच राहिली असे मानले तरी रिकव्हरी फॅक्टर ०.६३ उरतो, आणि खर्चाने ती प्रत्यक्षात वाढलेलीच असणार. फ्युचर्स विक्रीवरचा व्यवहार कर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.०१२५ टक्क्यांवरून ०.०२ टक्के झाला, त्यामुळे जुन्या दराने केलेली चाचणी नव्याने मोजावीच लागते. पाच वर्षांत एकाच्याही खाली रिकव्हरी फॅक्टर असलेल्या या पद्धतीत मी पैसे घालणार नाही.