नकाशावरचा ठिपका आणि घरचा वाटाड्या

लाइव्ह लोकेशन म्हणजे प्रवाशाच्या फोनने आपली जागा दर थोड्या वेळाने घरच्यांच्या नकाशावर आपोआप पाठवत राहणे. व्हॉट्सॲपमध्ये ज्याला पाठवायचे त्याच्या चॅटमध्ये जाऊन Location आणि मग Share live location निवडले की १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास अशी मुदत विचारली जाते. तिथेच असलेला Send your current location हा पर्याय मात्र वेगळा आहे. त्यातून फक्त त्या क्षणाची जागा जाते आणि ठिपका तिथेच थिजतो. घाईत पुष्कळजण हाच दाबतात आणि घरचे तासभर न हलणारा ठिपका पाहत बसतात.

मुदत निवडताना प्रवासाचा ठरलेला वेळ नव्हे, तर बिघडलेला प्रवास डोळ्यांसमोर हवा. समजा, जुलैतल्या एका दुपारी २ वाजता एक मुलगी कोल्हापूरहून रत्नागिरीच्या एसटीत बसली. तिला उतरायचे आहे आंबा घाटाच्या पायथ्याला, साखरप्याला. तिने १ तास निवडला, तर गाडी मलकापूरच्या आगेमागे असतानाच ठिपका नाहीसा होईल. म्हणून तिने ८ तास निवडले आणि ठिकाण दोघांनाच पाठवले, कोल्हापुरातल्या भावाला आणि साखरप्याच्या काकांना. वीसजणांच्या कौटुंबिक ग्रुपवर टाकले असते, तर गाडी थांबताच सगळ्यांनी फोन करून बॅटरी संपवली असती.

चारच्या सुमारास ठिपका आंबा गावात थांबला. भावाने आधी पाहिली ती ठिपक्यासोबत येणारी शेवटच्या अपडेटची वेळ. ती ताजी असून ठिपका हलत नसेल, तर गाडी खरोखर थांबलेली आहे. ती वीस-पंचवीस मिनिटे जुनी असेल, तर बहुधा रेंज गेली आहे आणि गाडी पुढे निघूनही गेली असेल. दोन्हींत फरक मोठा, पण नकाशावर चित्र एकच दिसते. इथे वेळ ताजी होती. फोन केल्यावर कळले, घाटात दरड पडली आहे आणि गाडी मागे वळवून अणुस्कुरा घाटाने नेणार आहेत.

इथे घरच्यांची माहिती कामाला येते. अणुस्कुऱ्याने उतरलेली गाडी पाचलवरून ओणीला मुंबई-गोवा महामार्गाला लागते आणि लांजा, पाली करत रत्नागिरीला जाते. साखरपा त्या वाटेवर येतच नाही. बसून राहिली तर मुलगी रात्री रत्नागिरीच्या स्टँडवर उतरेल. भावाने ठिपका मलकापुरातून दक्षिणेकडे वळलेला पाहिला आणि कळवले, “कंडक्टरना आत्ताच सांगून ठेव, पालीला उतरायचंय.” साखरप्याचा रस्ता महामार्गाला पालीतच मिळतो. काकांनी ठिपका लांजा ओलांडताना पाहिला आणि गाडी काढली. अंधारात, पावसात तिला थांबावे लागले ते जेमतेम दहा मिनिटे, तेही स्टँडच्या उजेडात.

अणुस्कुरा घाटात मध्येच ठिपका थबकला होता, पण त्यात घाबरण्यासारखे काही नव्हते. फोनला आपली जागा उपग्रहांकडून कळते, त्याला इंटरनेट लागत नाही. ती घरी पाठवायला मात्र इंटरनेट लागते. डेटा बंद पडला तरी कधीकधी एसएमएस जातो. अशा वेळी गूगल मॅप्समध्ये आपल्या जागेवर बोट दाबून धरले की अक्षांश-रेखांशाचे आकडे मिळतात. आंबा घाटाच्या परिसरात ते 16.98, 73.79 च्या आसपास असतात. एसएमएसने पाठवताना दशांशानंतरचे निदान चार अंक द्यावेत, कारण चौथ्या अंकापर्यंत जागा साधारण ११ मीटरपर्यंत नेमकी होते. दोनच दिले तर किलोमीटरभराची चूक होऊ शकते. नकाशाचा तो भाग आधीच उतरवून ठेवलेला असेल, तर नेट नसतानाही प्रवाशाला भोवतालचे रस्ते दिसतात.

ठिपक्याभोवती फिकट निळे वर्तुळ दिसत असेल, तर प्रवासी त्या वर्तुळात कुठेही असू शकतो. कड्याच्या आडोशाला ते वाढते. ते सतत फारच मोठे राहत असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये नेमक्या जागेची परवानगी बंद राहिली आहे का, हे पाहावे. बॅटरी सेव्हर चालू असेल तर ठिपका अडखळत पुढे सरकतो. घरच्यांना फोनची बॅटरी किती उरली हेही कळायला हवे असेल, तर गूगल मॅप्समधून ठिकाण पाठवणे सोयीचे, कारण तिथे ती टक्क्यांत दिसते. तिथे मुदत न घालण्याचीही सोय आहे. अशा वेळी घरी पोहोचल्यावर ते हाताने बंद करावे लागते.

अपघात झाला किंवा कोणी त्रास देत असेल, तर आधी ११२ लावायचा. घरचे दूरवरून वाट दाखवू शकतात, पण तिथवर पोहोचायला त्यांना तास-दोन तास लागतात.